ड्रंक अँड ड्राइव्ह: कबुली द्यावी की खटला लढवावा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली कारवाई झाली की दंड रस्त्यावर भरून सुटता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्यापुढे गेलात तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

कबुली दिली तर बहुतेक वेळा एका तारखेत प्रकरण मिटतं. पण कबुलीही दोषसिद्धीच असते. पुन्हा सापडलात तर ती दुसरा गुन्हा धरली जाऊ शकते आणि मग शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते. परवान्यावर घर चालणाऱ्या ड्रायव्हरने म्हणूनच सही करण्याआधी कागद वाचावेत.

लढायचं ठरवलं तर सगळा भर फुंकायला लावतात त्या ब्रेथ अ‍ॅनालायझर मशीनच्या चिठ्ठीवर. मशीन रक्त मोजत नाही. श्वासातलं अल्कोहोल मोजून साधारण २१०० पटीने रक्तातलं प्रमाण काढतं. नुकताच घोट घेतला असेल, ढेकर किंवा उलटी झाली असेल, तर तोंडातलंच अल्कोहोल मोजलं जातं आणि आकडा फुगतो. त्यासाठी फुंकण्याआधी पंधरा मिनिटं थांबवणं ही चांगली पद्धत. चिठ्ठीवर तुमच्या फुंकीआधीची, कोणीही न फुंकता घेतलेली रिकामी चाचणी शून्य आहे का, वेळ जुळते का, मशीनच्या कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र चालू होतं का, हे उलटतपासणीत विचारता येतं.

रक्ताचा अहवाल असेल तर आकडे वेळेसकट शेजारी मांडा. समजा रात्री ११.१० ला मशीनने ३८ दाखवले आणि १२.४० ला काढलेल्या रक्तात २२ निघाले. अशिलाला वाटतं, सुटलो! पण शरीर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कमी करतं. दीड तासात १६ उतरणं अगदी स्वाभाविक आहे, म्हणजे हा अहवाल मशीनला दुजोराच देतो. तेच रक्त ११.४० ला काढून १२ निघाले असते, तर अर्ध्या तासात २६ उतरणं शरीराला जमत नाही. तिथे मशीनवर खरी शंका उभी राहते.

रक्ताच्या नमुन्यातही चूक होते. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसली का, बाटलीत नमुना आंबू न देणारं सोडियम फ्लोराइड होतं का, सील कोणी लावलं, हे डॉक्टरांना विचारावं. नुसता दारूचा वास आणि अडखळती चाल यांवर तर सरकारी पक्षाचं भागत नाही. सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्येच बच्चूभाई करियाणी प्रकरणात तेवढ्यावरून दारू प्यायल्याचा निष्कर्ष काढायला नकार दिला होता. चाचणीच नाकारली तर मात्र कलम २०५ खाली तो नकार तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो.

माझं मत सरळ आहे. आकडा नव्वदच्या वर, चिठ्ठी स्वच्छ आणि तुम्ही खरोखर प्यायला होता, तर कबुली द्या. आकडा तिशी-चाळिशीत आणि रिकाम्या चाचणीची नोंदच नसेल, तर तारखा पडल्या तरी लढा.