वायफायचं नाव: कंपनीचं, घरचं, लपवलेलं की कुणाचंच नाही?

नेट जोडायला आलेल्या मुलाने आमच्या वायफायला आडनाव आणि फ्लॅट नंबर जोडून नाव दिलं होतं, `Joshi_B402` अशा धर्तीचं. पाहुण्यांना सांगायला सोपं, म्हणून तीन वर्षं तसंच राहिलं. मग एकदा पार्किंगमध्ये फोनवर यादी उघडली आणि दिसलं, की कुठल्या दाराआड कोण राहतं हे कुणालाही न विचारता कळतंय. आम्ही गावी जाताना राउटर बंद करतो, म्हणजे नाव यादीतून गेलं की ४०२ ला कुलूप आहे हेही कळणार. मुलांची नावं, गावचं दैवत, आजी-आजोबांचा उल्लेख, सगळ्याची गत हीच. त्यातून पासवर्डचा अंदाज येतो तो वेगळाच.

कंपनीने दिलेलं मूळ नाव त्या मानाने बरं. त्यात घर नसतं, पण बहुतेकदा राउटरची कंपनी किंवा मॉडेल असतं, आणि त्यातल्या माहीत झालेल्या त्रुटी शोधणं सोपं होतं. `home` किंवा `default` इतकं सर्रास नावही नको. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षापद्धतीत पासवर्डची किल्ली बनवताना नेटवर्कचं नाव त्यात मिसळलं जातं. सर्रास नावांसाठी अशा किल्ल्यांचे तक्ते लोकांनी आधीच करून ठेवलेले आहेत, त्यामुळे कच्चा पासवर्ड लवकर सापडतो.

नाव लपवण्याचा पर्याय मला आधी सर्वात आवडला होता, पण तोच मी आधी खोडला. राउटर गप्प बसला की फोनला स्वतः त्या नावाने हाक मारत शोधावं लागतं. तो ऑफिसात, बसस्टॉपवरही ती हाक मारत राहतो. म्हणजे घरापुरतं असलेलं नाव गावभर फिरतं.

राहिला निरर्थक पण वेगळ्या नावाचा पर्याय, आणि मी तोच घेतला: `tamhan-dagad-58_nomap`. दोन शब्द आणि आकडा, कशाचाही घराशी संबंध नाही. शेवटचं `_nomap` असेल तर गूगल तुमचा राउटर फोनचं ठिकाण ओळखायच्या आपल्या नोंदींत वापरत नाही. ते नावाच्या अगदी शेवटीच हवं. मर्यादा ३२ बाइटची आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट खातं, त्यामुळे मराठी नाव जेमतेम दहा चिन्हांचं बसतं.

बदल करायला राउटरखालच्या चिठ्ठीवरचा पत्ता, बहुधा `192.168.1.1`, ब्राउझरमध्ये उघडा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्हीकडची नावं बदला, नाहीतर जुनं एक तसंच झळकत राहतं. सेव्ह केलं की घरातल्या सगळ्या उपकरणांचं वायफाय तुटतं. फोन मिनिटात जोडले, पण स्मार्ट बल्ब आणि प्रिंटर नव्याने लावण्यात आमची संध्याकाळ गेली.

नाव बदललं तरी राउटरचा हार्डवेअर पत्ता तोच राहतो, त्यामुळे इतरांकडच्या जुन्या स्थाननोंदी आपोआप पुसल्या जात नाहीत. पुन्हा पार्किंगमध्ये जाऊन यादी पाहिली. आमचं आडनाव गेलं होतं, मात्र मुलीच्या फोनचा हॉटस्पॉट तिच्या नावाने दिसत होता. तो त्याच रात्री बदलला.