डीएस लाइट घेऊ का थ्रीडीएस? खालच्या स्क्रीनवरनं ठरवा

कोल्हापुरात काय आणि पुण्यात काय, निन्टेंडोचे हे हातात धरून खेळायचे दोन्ही गेमिंग कन्सोल आता सेकंडहँडच घ्यायला लागणार, त्यामुळं भावाची घासाघीस नंतर, आधी गेम कसले खेळायचेत ते ठरवा भावांनो.

डीएसच्या दोन्ही स्क्रीन सारख्याच, २५६ बाय १९२ पिक्सेल, टच फक्त खाली. सारख्या असल्यामुळं गेम बनवणाऱ्यांनी दोन्ही जोडून एकच उंच मैदान केलं, योशीज आयलंड डीएसमध्ये तर मधल्या बिजागरीच्या पट्टीमागं पण जागा धरलीय आणि तिथं शत्रू आला की दिसतच नाही, मला ते डोक्यात जातं. पण झेल्डाचा फँटम अवरग्लास (२००७) बघा. गेमचा हिरो लिंकला स्टायलसनं ओढत चालवायचं, नकाशा खाली घेऊन त्यावर आपल्या हातानं खुणा करायच्या. एका ठिकाणी (स्पॉयलर हाय, खेळणार असाल तर हा पॅरा सोडा) चिन्ह वरच्या स्क्रीनवर आणि समुद्राचा नकाशा खाली, आणि सांगतंय की चिन्ह नकाशावर दाबा. माणूस स्टायलसनं घासत बसतो, बटणं दाबून बघतो, काय होत नाही. उत्तर काय तर डीएसच मिटायचा, म्हणजे वरची स्क्रीन खालच्यावर टेकते, उघडला की छाप उठलेला! नाद खुळा डिझाइन.

थ्रीडीएसला (२०११) वरची स्क्रीन रुंद आणि थ्रीडी, खालची लहान आणि साधी, मग दोन्ही जोडणं अवघडच. त्यामुळं बऱ्याच गेममध्ये खाली नकाशा नाहीतर सामानच राहिलं. पण ते पण कामाचं असतंय. झेल्डाच्याच ऑकरिना ऑफ टाइमच्या पाण्याच्या मंदिरात निन्टेंडोच्या जुन्या एन६४ कन्सोलवर लोखंडी बूट घालायला काढायला दर वेळी गेम थांबवून मेनूत जायला लागायचं, थ्रीडीएसवर बूट खालच्या स्क्रीनवर ठेवायचे आणि अंगठ्यानं टच, झालं.

डीएसचे बहुतेक गेम थ्रीडीएसवर चालतात, फक्त चित्र ताणून मोठं होतं म्हणून धुरकट दिसतं. गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरा, लहान पण स्वच्छ दिसेल. थ्रीडीएसचाच न मिटणारा साधा भाऊ टूडीएस मिळाला तरी वरचं कोडं अडत नाही, त्याला स्लीपचं बटण सरकवायचं.

माझं मत, एकच घेणार असाल तर थ्रीडीएस. फक्त स्टायलसवालेच गेम खेळायचेत आणि बजेट कमी असलं तरच लाइट.

घेताना टच नक्की बघा. दोन्हींचा टच दाबावर चालतो, नखानं पण घेतो, पण एका वेळी एकच बोट. लाइटवर चित्र काढायचं पिक्टोचॅट उघडून कोपऱ्यातनं कोपऱ्यात सावकाश रेघ ओढा. रेघ सरळ पण बाजूला सरकलेली आली तर सेटिंगमधनं कॅलिब्रेट होतंय, मधेच तुटली किंवा उडी मारली तर टचचा थर गेलाय, तो बदलायला लागणार, तेवढे पैसे आधीच कमी करून घ्या.