बचत गटासाठी रेडिओचा कार्यक्रम: साहेबांची मुलाखत ठेवावी की गटाची बैठक ऐकवावी?

नागपुरातल्या एखाद्या सामुदायिक रेडिओवर बचत गटाच्या बायांसाठी आठवड्याला पंधरा मिनिटं मिळाली, तर पहिला प्रश्न कार्यक्रमाच्या घाटाचा येतो. सहसा दोनच पर्याय समोर असतात. बँकेच्या अधिकाऱ्याला किंवा सहयोगिनीला बोलावून मुलाखत करायची, नाहीतर गटाची महिन्याची बैठक जशी होते तशी ऐकवायची, म्हणजे पेटी उघडली, बचत गोळा झाली, कोणी कर्ज मागितलं, कोणाचा हप्ता राहिला. दोन्हींची पारख मी एकाच नियमावर करते: शेकडा दोनने घेतलेल्या कर्जाचं व्याज कशावर मोजायचं? सगळ्यात जास्त पैसा याच नियमाच्या गैरसमजात जातो, आणि कानाने समजायलाही हाच सर्वांत अवघड आहे.

आधी हिशोब. सभासदाने गटाकडून 5,000 रुपये घेतले, महिन्याला शेकडा दोन व्याज, पाच महिन्यांत फेड, दर महिन्याला हजार मुद्दल. व्याज उरलेल्या मुद्दलावर लावलं तर पहिल्या महिन्यात 100, मग 80, 60, 40, 20. एकूण 300. काही गट हिशोब सोपा पडतो म्हणून पाचही महिने 100च घेतात, त्याचे 500 होतात. दर तोच, शेकडा दोन, पण बाईच्या पदरचे 200 जास्त गेले. ठराव-वहीत ‘व्याज 2 टक्के’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून वाद झाला की दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

मुलाखतीत हे कसं येतं? पाहुणे म्हणतात, ‘घटत्या शिल्लकेवर वार्षिक चोवीस टक्के आकारणी.’ वाक्य बरोबर आहे. पण ऐकणारी शंभराला दोन असा हिशोब करते. तिच्या कानावर चोवीस पडलं की ती तिथेच अडकते, आणि तोवर पाहुणे कागदपत्रांवर गेलेले असतात. छापलेलं असतं तर मागे जाऊन वाचता आलं असतं. रेडिओवर गेलेलं वाक्य गेलं. चांगला निवेदक ‘म्हणजे शंभराला महिन्याचे दोन, बरोबर?’ असं मध्येच विचारून सांभाळतो, पण पाच महिन्यांची उतरंड प्रश्नोत्तरात मांडणं त्यालाही जमत नाही.

बैठकीच्या घाटात तोच हिशोब महिन्यागणिक एकेका आवाजात येतो. दुसऱ्या महिन्याचा तुकडा असा:

‘मावशी, मुद्दल किती उरलं?’
‘चार हजार.’
‘शेकडा दोननं व्याज किती झालं?’
‘ऐंशी.’
‘मंग आज किती द्या लागते?’
‘एक हजार ऐंशी.’

पुढच्या महिन्यात पुन्हा पेटीच्या कुलपाचा आवाज, पुन्हा तोच पहिला प्रश्न. तिसऱ्या फेरीला ऐकणारी बाई उत्तर स्वतःच देऊ लागते. नियमाचं सगळं बळ ‘मुद्दल किती उरलं’ या प्रश्नात आहे, आणि तो पाच वेळा कानावर पडतो. इथे एक काळजी घ्या. छोट्या स्पीकरवर ‘साठ’ आणि ‘सात’ यांत फरक कळत नाही, म्हणून तिसऱ्या महिन्यात ‘साठ, म्हणजे पन्नास आणि वर दहा’ असं म्हणवून घ्या. आकडेही गोलच ठेवा. 4,750 रुपयांवर पावणेदोन टक्के असलं उदाहरण कानासाठी बादच आहे.

बैठकीच्या घाटाचं याहून मोठं बलस्थान म्हणजे चुकलेला हप्ता. समजा मावशीने तिसऱ्या महिन्यात ‘या खेपेस फक्त व्याज घ्या’ म्हणत 60 रुपये दिले. मुद्दल तीन हजारच राहिलं, म्हणून चौथ्या महिन्यात व्याज पुन्हा 60. फेड सहा महिन्यांवर गेली आणि एकूण व्याज 300 ऐवजी 360 झालं. एका महिन्याने फार बिघडत नाही, पण वर्षभर ‘फक्त व्याज’ चाललं तर कर्ज तसूभर हलत नाही आणि पैसे मात्र दर महिन्याला जात राहतात. मुलाखतीत हा ‘नियमित परतफेड करा’ असा उपदेश होतो. बैठकीत सचिव पुन्हा विचारते, ‘मुद्दल किती उरलं?’, उत्तर येतं ‘तीन हजारच’, आणि त्या ‘च’मध्ये सगळं कळतं.

पण हा घाट फसतो कुठे, तेही पाहा. लिहिणाऱ्याला गोष्ट गोड करायचा मोह होतो. मावशीचा मुलगा आजारी पडतो, गट दंड माफ करतो, सगळ्या रडतात. ऐकणाऱ्या बायांच्या लक्षात राहतं ते एवढंच, की अडचण सांगितली की दंड जातो. माफी दाखवायचीच असेल तर ती ठरावाने, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी झालेली दाखवा. शिवाय एका भागात एकच नियम बसतो, तालीम लागते, आणि संहिता गटाची वही चालवणाऱ्या बाईकडून तपासून घ्यावी लागते. मुलाखत अर्ध्या तासात उरकते. यात आठवडा जातो.

मुलाखत तरीही टाकून देऊ नका. बँकेचं कर्ज, खात्याची कागदपत्रं, व्याज सवलतीच्या योजना, हे नियम गटाच्या हातात नसतात आणि बदलतात. ते बँकेच्या माणसाच्या तोंडूनच यावेत, आणि सुरुवातीलाच ध्वनिमुद्रणाची तारीख सांगावी; नाहीतर दोन वर्षांनी तोच भाग पुन्हा लागतो आणि बाया जुन्या दराने भांडायला बँकेत जातात. अंतर्गत कर्ज आणि बँकेचं कर्ज एकाच भागात घेऊ नका. अंतर्गत कर्जाचं व्याज गटाच्याच निधीत परत येतं, बँकेचं बाहेर जातं. ऐकताना या दोन व्याजांची सरमिसळ हमखास होते.

फोन-इनचा तिसरा पर्याय काही जण सुचवतात. मला तो या विषयाला पटत नाही. वस्तीत आवाज ओळखू येतो, आणि थकलेल्या हप्त्याबद्दल विचारणारी बाई दुसऱ्या दिवशी नळावर चर्चेत असते. प्रश्न सहयोगिनीमार्फत आधी गोळा करा आणि कार्यक्रमातल्या पात्राच्या तोंडी घाला.

ऐकायचं कुठे, यावरही निवड ठरते. सामुदायिक केंद्राचं प्रक्षेपण साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातं. शहरातल्या वस्त्या त्यात येतात, हिंगणा-कामठी काठावर पडतात, रामटेक-काटोलचे गट पूर्ण बाहेर. तिथे ध्वनिमुद्रण मोबाइलवर पाठवून बैठकीतच लावावं लागेल. मोबाइलवर थेट एफएम ऐकायचं तर बहुतेक फोनमध्ये इयरफोनची वायर जोडावी लागते, तीच अँटेना असते. वायर जोडून स्पीकर चालू करता येतो हे निवेदकाने पहिल्या भागात सांगावं, म्हणजे पाच जणींना मिळून ऐकता येईल. बैठकीचा घाट सामूहिक ऐकण्यात खुलतो, कारण तो ऐकताना पासबुक समोर उघडं असतं. मुलाखत एकटीने भांडी घासताना ऐकली तरी चालते.

म्हणून गटाचे आतले नियम, म्हणजे बचत, अंतर्गत कर्ज, दंड, यांसाठी माझं मत बैठकीच्या घाटाला. महिन्याचे चार भाग मिळत असतील तर तीन त्याचे आणि एक मुलाखत. पहिला भाग प्रक्षेपित करण्याआधी एका गटात लावून पाहा आणि शेवटी फक्त एवढंच विचारा: ‘पाच हजारांच्या कर्जावर तिसऱ्या महिन्याचं व्याज किती?’ अर्ध्या बाया ‘शंभर’ म्हणाल्या, तर संहिता पुन्हा लिहायला घ्या.