बारा सेलवरची सावली आणि गेलेले ७२ व्होल्ट: गच्चीवरच्या सोलरचे आठ महिने

मे महिन्यात आमच्या कोथरूडच्या गच्चीवर सोलर बसवलं. ३३० वॉटचे दहा पॅनल, सगळे एकाच स्ट्रिंगमध्ये म्हणजे एकामागे एक जोडलेले, खाली एक इन्व्हर्टर. जागा बघायला आलेला मुलगा भर दुपारी वर चढला, दक्षिणेकडच्या सोलर बंबाच्या टाकीकडे बघून म्हणाला, "काका, हिची सावली पॅनलवर येतच नाही." खोटं नव्हतंच ते. मेच्या मध्यात पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, तेव्हा कशाचीच सावली लांब जात नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र सूर्य भर दुपारीसुद्धा ४८ अंशांपर्यंतच चढतो. मग टाकी पॅनलपेक्षा जेवढी वर, जवळजवळ तेवढीच लांब तिची सावली उत्तरेला पडते.

दिवाळीपर्यंत सिस्टीम छान चालली, त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. नोव्हेंबरच्या शेवटी दुपारचे युनिट कमी दिसू लागले म्हणून वर गेलो. टाकीची सावली दोन पॅनलच्या फक्त खालच्या ओळीवर होती. एका ओळीत सहा सेल, म्हणजे ७२० पैकी १२. दोन टक्केसुद्धा नाही! इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर मात्र सव्वाअकराला ३४७ व्होल्ट आणि ७.६ अँपिअर होते, ते पावणेबाराला २७५ व्होल्ट आणि ७.७ अँपिअर झाले. करंट तोच, व्होल्टेज ७२ ने खाली, पॉवर वीस टक्के गायब.

हे ७२ कुठून आले ते कळायला पुठ्ठ्याचा एक तुकडा पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सावली नसताना मधल्या एका पॅनलचा एकच सेल पुठ्ठ्याने पूर्ण झाकला, मिनिटभर थांबलो आणि बायकोला खालून आकडे ओरडून सांगायला लावले. करंट हलला नाही, व्होल्टेज १२ ने उतरलं. त्याच पॅनलच्या त्याच पट्ट्यात आणखी दोन सेल झाकले, तरी १२ च.

आमच्या पॅनलमधले ७२ सेल तीन पट्ट्यांत विभागलेत. प्रत्येक पट्टा म्हणजे उभ्या दोन रांगा, २४ सेल, आणि मागच्या जंक्शन बॉक्समध्ये त्याचा एक बायपास डायोड. सगळे सेल एकामागे एक जोडलेले असल्याने झाकलेला सेल इतरांचा करंट अडवतो. डायोड नसता तर बाकी स्ट्रिंगचं व्होल्टेज त्या बिचाऱ्यावर उलटं येऊन तो तापून करपला असता. डायोड असला की उलटं व्होल्टेज साधारण बारा-तेराच्या पुढे जात नाही, करंट त्या पट्ट्याला वळसा घालून जातो. किंमत काय, तर पट्ट्याचे साडेअकरा व्होल्ट आणि वर डायोडचा स्वतःचा अर्धा.

आता हिशोब जुळतो. उभ्या पॅनलची खालची ओळ तिन्ही पट्ट्यांना छेदते. दोन पॅनल, सहा पट्टे, सहा बारे बहात्तर.

याहून वाईट प्रकार सावली पुढे सरकताना दिसला. १५.६ सेंटिमीटरच्या सेलवर ती जेमतेम सहा सेंटिमीटर चढली असताना स्क्रीनवर ३७२ व्होल्ट आणि ४.७ अँपिअर होते. म्हणजे अर्धवट सावलीत पूर्ण सावलीपेक्षाही कमी पॉवर! स्ट्रिंग किती व्होल्टेजला चालवायची ते इन्व्हर्टर ठरवतो; आमचा वरच्या व्होल्टेजला अडकून बसला होता, डायोडला कामच देत नव्हता. ओळखायची खूण सोपी आहे: व्होल्टेज ठरावीक पायरीने उतरलं आणि करंट टिकला तर डायोड काम करतोय, व्होल्टेज चढून करंट पडला तर इन्व्हर्टर चुकीच्या जागी रमलाय. आमच्या इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये सावलीसाठी अधूनमधून पूर्ण व्होल्टेज चाचपून बघायची सोय होती, पण बंद ठेवलेली. ती चालू केल्यावर हा अडथळा गेला.

बंब हलवायला घरातून ठाम नकार. शेवटी ते दोन पॅनलच आडवे करून एकावर एक बसवून घेतले. जवळपास दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पॅनल. दोन उभे शेजारी काय आणि दोन आडवे वर-खाली काय, जागा तीच लागते. बसवणारा कुरकुरला, रेल बदलावे लागले. पण आता खालच्या ओळीवरची सावली एकाच पॅनलच्या एकाच पट्ट्यावर पडते. भर दुपारी ३३५ व्होल्ट दिसतात, म्हणजे बाराच गेले. सावलीचे दोन तास धरले तर रोजचा एक युनिटभर परत आला. नवीन हाफ-कट पॅनलमध्ये आतली मांडणी वेगळी असते, तिथे उभ्या पॅनलची खालची ओळ झाकली तरी वरचा अर्धा भाग चालतो. त्यांना हा उपाय जसाच्या तसा लावू नका.

एक काळजी राहिलीच. सावलीत तो डायोड रोज दोन तास चार-एक वॉट उष्णता सोसतो. तो शॉर्ट झाला तर सावली नसतानाही बारा व्होल्ट कमी दिसतील, म्हणून रोज सकाळी दहाचा आकडा कॅलेंडरवर लिहितो. ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, तर मात्र सकाळी काहीच दिसणार नाही. त्यासाठी दर दोन महिन्यांनी तोच पुठ्ठा त्याच पट्ट्यावर काही क्षण ठेवतो. कालच ठेवला होता, बारा उतरले.