ग्रेंडेलची आई: दोन कादंबऱ्यांपैकी आधी कोणती वाचावी?

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतील ३१८२ ओळींच्या काव्यावर आधारलेल्या दोन कादंबऱ्या वाचकांना सहसा एकत्रच सुचवल्या जातात: जॉन गार्डनर यांची 'ग्रेंडेल' (१९७१) आणि मारिया डाहवाना हेडली यांची 'द मेअर वाइफ' (२०१८). वेळ एकीपुरताच असेल तर माझे मत हेडली यांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण मूळ काव्यातच आहे.

काव्यात ग्रेंडेल हा राक्षस हेओरोट या राजसभेवर वर्षानुवर्षे हल्ले करतो. काव्याचा नायक बेओवुल्फ त्याचा हात खांद्यापासून उखडतो आणि तो हात विजयचिन्ह म्हणून सभागृहात लावला जातो. दुसऱ्या रात्री ग्रेंडेलची आई येते, एका माणसाला ठार करते आणि मुलाचा हात घेऊन परत जाते. कवी तिच्या या येण्याला 'शोकाची यात्रा' म्हणतो आणि ती मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघाली आहे, हेही स्पष्ट सांगतो. तिचे वर्तन त्या समाजाच्या जिवाच्या बदल्यात जीव या नियमाबाहेरचे नाही. तिच्या येण्याआधी त्याच सभेत हिल्डेबुर या राणीची कथा गायली जाते, जिने आपला मुलगा आणि भाऊ एकाच चितेवर ठेवले. त्या राणीच्या दुःखाला गीत मिळते, ग्रेंडेलच्या आईला मात्र नावसुद्धा मिळत नाही. तिच्यासाठी आलेल्या 'अग्लेकविफ' या शब्दाचे भाषांतर पिढ्यानपिढ्या 'राक्षसीण' असे झाले. परंतु त्यातला 'अग्लेका' हा शब्द काव्यात बेओवुल्फसाठीही येतो, आणि तेथे त्याचा अर्थ 'भयंकर योद्धा' असा लावला जातो.

गार्डनर यांची कादंबरी ग्रेंडेल स्वतः सांगतो. पावणेदोनशे पानांचे हे पुस्तक बुद्धीला चालना देणारे आहे. गवयाच्या गीतामुळे इतिहास कसा घडतो आणि एखाद्याला राक्षस ठरवणे समाजाला का हवे असते, या प्रश्नांशी ते प्रामाणिकपणे झुंजते. त्यातली आई मात्र भाषा हरवलेली, गुहेत पडून राहिलेली एक मूक काया आहे. ती मुलाला जवळ ओढते, पण बोलू शकत नाही, आणि ग्रेंडेलला तिच्या मायेची कधी गरज वाटते तर कधी किळस. शिवाय निवेदक ग्रेंडेल असल्यामुळे त्याच्या मृत्यूपाशी पुस्तक संपते. ज्या रात्री आई शोकाने बाहेर पडते ती रात्र या कादंबरीत येऊच शकत नाही. ही लेखकाची चूक नव्हे, ती त्याने निवडलेल्या निवेदनाची मर्यादा आहे. तरीही राक्षसाआड लपलेले पालकाचे दुःख शोधणाऱ्या वाचकाला येथे ते सापडणार नाही.

हेडली नेमके तेच दुःख हाती घेतात. त्यांनी कथा आजच्या अमेरिकेत आणली आहे. डेना मिल्स ही सैनिक युद्धातून गर्भवती होऊन परतते, तेव्हा तिचे घर जिथे होते तिथे 'हेरोट हॉल' नावाची श्रीमंतांची बंदिस्त वसाहत उभी असते. ती शेजारच्या डोंगरातल्या गुहेत राहून ग्रेन या मुलाला वाढवते. खाली वसाहतीत विला हेरोट आपल्या डिलनला वाढवत असते, आणि दोन्ही मुलांची मैत्री जुळते. ग्रेन नेमका कसा दिसतो हे कादंबरी ठामपणे सांगत नाही. आईच्या डोळ्यांना दिसणारे मूल आणि वसाहतीला दिसणारा राक्षस यांतले अंतर शेवटपर्यंत उघडे राहते, आणि मला या पुस्तकाचे हेच सर्वांत मोठे यश वाटते. वसाहतीच्या दृष्टीने डेना डोंगरावरून उतरणारे संकट आहे, पण आपण तिच्या मनात असल्यामुळे आपल्याला दिसते ती घर आणि आपली माणसे गमावून बसलेली, आता मूलही हिरावले जाईल या धास्तीने झोप उडालेली आई. तिचा शोक काही घडल्यानंतर सुरू होत नाही. तो पहिल्या पानापासून तिच्या शरीरात आहे.

काही भाग मला जड गेले. वसाहतीतल्या वयस्क स्त्रिया 'आम्ही' म्हणून एका सुरात बोलतात, ती प्रकरणे सुरुवातीला धारदार वाटतात, पुढे मात्र त्यांतला उपहास एकाच सुरात चालू राहतो. डोंगर आणि पाणीही बोलतात, त्यामुळे निवेदक कोण हे ओळखायला पहिली पन्नासेक पाने थांबावे लागते. सरळ, वेगवान साहसकथा हवी असलेल्याने हे आधीच जाणून घ्यावे.

मूळ काव्य वाचलेले नसेल तरी 'द मेअर वाइफ' समजते, मात्र ग्रेंडेलच्या आईच्या आगमनापासून तिच्या बेओवुल्फशी झालेल्या सरोवरातल्या झुंजीपर्यंतचा, साधारण १२५० ते १६०० ओळींचा भाग एखाद्या भाषांतरातून आधी वाचून घेतल्यास डेनाच्या वाट्याला काय येणार याची भीती पानोपानी जाणवते. गार्डनर त्यानंतर वाचावेत. त्या क्रमाने वाचले की त्यांच्या गुहेतली ती न बोलणारी आई पहिल्यासारखी मूक राहत नाही.