पुण्यात दोन महिन्यांसाठी: सर्व्हिस अपार्टमेंट की फर्निश्ड फ्लॅट?

कायमचं घर शोधेपर्यंत राहायचं तर नुसतं मासिक भाडं पाहून निर्णय घेऊ नका. खरा फरक दलाली आणि लॉक-इनमध्ये आहे.

समजा, फर्निश्ड फ्लॅटचं भाडं ३५,००० आहे आणि सर्व्हिस अपार्टमेंट वीज, वाय-फाय, साफसफाई धरून महिन्याला ६५,०००. फ्लॅट निम्म्यात पडतो असं वाटतं. पण दलाल दोन महिन्यांसाठीही सहसा पूर्ण महिन्याचं भाडं घेतो, आणि मालकाने तीन महिन्यांचं लॉक-इन घातलं असेल तर आधी सोडूनही तिसरं भाडं द्यावंच लागतं. म्हणजे तीन भाडी आणि दलाली मिळून १,४०,०००. करारनोंदणी, वीज वेगळी. अपार्टमेंटचे दोन महिने १,३०,०००. तीन महिने राहायचं नक्की असेल तर मात्र ते १,९५,००० होतात आणि फ्लॅट सरळ परवडतो.

फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण येते. नव्या घराचं डिपॉझिट भरायच्या वेळी जुनं मालकाकडे अडकलेलं असतं. त्यामुळे ‘चावी देताना त्याच दिवशी परत’ हे करारातच लिहून घ्या. करार अकरा महिन्यांचाच लागतो असं नाही. तीन महिन्यांचाही नोंदवता येतो. पहिल्या दिवशी वीजमीटरचं रीडिंग, गादी, फ्रीज यांचे फोटो मालकाला पाठवून ठेवा.

अपार्टमेंटवाल्याला एकच विचारा: सांगितलेला दर जीएसटी धरून आहे का?