किड्स प्रोफाइलला कडीच नाही: काही महिन्यांच्या वापरानंतर

सुरुवातीला पाच स्टार दिले होते. मधे चिडून एकावर आणले, आज साडेतीनवर आहे. ओटीटी अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणींशी बोलल्यावर लक्षात आलं की थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच प्रकार आहे. वर्षाचे पैसे एकदम भरलेत, त्यामुळे बंद करून मोकळं होणं आमच्या भांडुपच्या घरात कुणालाच परवडणारं नव्हतं.

प्लॅन, पिक्चर क्वालिटी वगैरे सगळ्यांना माहीत आहे. माझं भांडण एका पोस्टरशी आहे. मुलगी तिसरीत. तिची किड्स प्रोफाइल केली, रंगीत चित्रवाली. तरी संध्याकाळी टीव्ही लावला की पहिल्याच रांगेत तिच्या कार्टूनच्या चौकटीला खेटून एका क्राइम सिरीजचं पोस्टर: कपाळावरून रक्ताचा ओघळ आणि डोळे थेट आपल्याकडे. नवरा रात्री उशिरा बघतो ती. मुलगी उशी तोंडावर धरून विचारायची, "गेला का तो?" आणि मी रिमोटने खाली पळायचे.

कस्टमर केअरने नेहमीचं सांगितलं. अ‍ॅप काढून परत टाका, लॉगआउट करा, टीव्ही रिस्टार्ट करा. सगळं केलं. पोस्टर जिथल्या तिथे. मग मी एक साधी गोष्ट केली, जी चॅटवरच्या एकाही माणसाने सुचवली नाही. अ‍ॅप उघडलंच नाही. टीव्ही लावला आणि होम स्क्रीनवरच थांबले. पोस्टर तिथेच होतं, अ‍ॅपच्या बाहेर! मोबाइलवर तेच अ‍ॅप मुलीच्या प्रोफाइलने उघडलं, तर तिथे पोस्टर नाही. म्हणजे ही रांग टीव्हीची आहे. घरातल्या ज्या खात्याने टीव्ही चालतो, त्याचं अर्धवट राहिलेलं बघणं ती समोर मांडते. अ‍ॅपमधली किड्स प्रोफाइल अ‍ॅपच्या आतच चालते, टीव्हीच्या होम स्क्रीनला तिचा पत्ताच नसतो. इथे अ‍ॅपवरचा माझा अर्धा राग उतरला. अर्धाच.

यावर उपाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये Customize channels मिळतं. तिथे त्या अ‍ॅपची रांग बंद केली की पोस्टर जातं, अ‍ॅप मात्र चालू राहतं. गुगल टीव्ही असेल तर मुलांसाठी टीव्हीचीच वेगळी प्रोफाइल करता येते. तिच्यात तुम्ही निवडलेलीच अ‍ॅप दिसतात, वेळेची मर्यादा घालता येते आणि बाहेर पडायला पिन लावता येतो. त्यासाठी मुलाचं खातं जोडावं लागतं, एवढी खटपट आहे. आमचा टीव्ही जुना, म्हणून पहिलाच मार्ग. सासूबाईंना विचारलं, तर त्यांना ती रांग गेल्याचं कळलंही नव्हतं. त्या थेट आपल्या मालिकांकडेच जातात.

आता अ‍ॅपच्या वाटणीचा राग. त्यात "किड्स" हे बटण वेगळं आणि वयाची पातळी वेगळी. बटण दाबलं की रंग बदलतात, कार्टूनं पुढे येतात, पण आमच्या प्रोफाइलची पातळी U/A 13+ वर बसलेली होती. २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीसाठी पाच पायऱ्या घातल्या आहेत: U, U/A 7+, U/A 13+, U/A 16+ आणि A. पालकांच्या लॉकची सोय नियमानुसार U/A 13+ पासून वरच्या कार्यक्रमांना द्यावीच लागते. तिसरीतल्या पोरीला तेरा वर्षांच्या मुलांसाठीचं मारामारीचं ॲनिमेशन सुचवलं गेलं, ते त्या हिशेबात चूक नव्हतंच! पातळी U/A 7+ वर आणली. लगेच काही बदललं नाही. टीव्हीवरून लॉगआउट करून परत आल्यावर, तेही दुसऱ्या दिवशी, यादी सुधारली.

बदल लागू झाला की नाही, हे होमवरच्या चौकटी बघून कळत नाही. मुलीच्या प्रोफाइलमध्ये जाऊन त्या नको असलेल्या कार्यक्रमाचं नाव सर्चमध्ये टाइप करा. माझ्याकडे तो उघडत नव्हता, पण नाव पूर्ण लिहिताच "यासारखं" म्हणून बाकीचे हजर. त्यातलं काही खटकलं तर ते नाव घेऊन वेगळं ब्लॉक करता येतं. हे किचकट आहे आणि प्रत्येक नावासाठी करणं शक्यही नाही. दोन-तीन हट्टी नावांपुरतं ठीक.

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट ही, की एवढं करूनही मुलगी रिमोटचं बॅक बटण दाबून बाहेर येते, बाबांच्या गोलावर जाते आणि ओके. किड्स प्रोफाइल म्हणजे कडी नसलेलं दार. पिन लावायचा तो मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला, मुलांच्या नाही. नवी प्रोफाइल जोडायलाही पिन मागता येत असेल तर तोही चालू करा. नाहीतर मूल स्वतःच्या नावाने मोठ्यांची नवीकोरी प्रोफाइल उघडतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. नवरा रात्री रिमोटने चार आकडे टाकताना कुरकुरतो. कुरकुरू दे.

ऑटोप्लेही बंद करा, पुढच्या भागाचं आणि प्रिव्ह्यूचं दोन्ही. हे प्रत्येक प्रोफाइलला वेगळं करावं लागतं आणि आमच्या अ‍ॅपमध्ये ते टीव्हीवरून होत नाही, ब्राउझरमधून करावं लागतं. का, ते तेच जाणोत.

यूट्यूबबद्दल थोडं, कारण मैत्रिणी "रिस्ट्रिक्टेड मोड लाव ना" म्हणतात. लावा, पण तो त्या-त्या उपकरणापुरता आणि ब्राउझरपुरता असतो. तुमच्या फोनवर लावला म्हणून टीव्हीवर लागत नाही. व्हिडिओचं शीर्षक, वर्णन असल्या खुणांवरून तो गाळतो. गाळणी शंभर टक्के अचूक नाही आणि भाषेनुसार तिचा दर्जा बदलू शकतो, हे कंपनीच्या मदतपानावरच लिहिलंय. तो मुलांसाठीचं अ‍ॅप नाही, हे एकदा मान्य केलं की फुकटचा मनस्ताप वाचतो. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्समधलं Approved content only मला आवडलं. त्यात सर्चच नसतो, आपण निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेल तेवढेच. यादी भरण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. मुलगी पहिले काही दिवस "काहीच नाही यात" म्हणून रुसली, आता त्यातलीच गाणी पाठ आहेत.

शेवटी तक्रार कुठे करायची. चॅटवाल्यांशी डोकं फोडू नका. त्याच २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा संपर्क साइटवर ठेवावा लागतो. तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. मी अ‍ॅपमधल्या पातळीबद्दल लिहिलं, स्क्रीनचे फोटो जोडले. पोच वेळेत आली. उत्तरही आलं: वयाचं वर्गीकरण कार्यक्रमाचं आहे, प्रोफाइलची पातळी ग्राहकाने तपासावी. म्हणून चार नाही, साडेतीन. किड्स बटण दाबताच पातळी आपोआप U/A 7+ वर आली, तर उरलेला दीडही देईन.